थांबवलेली एक फ्रेम तपासताना: डोळे कुठे, डोक्यावर किती, नजरेपुढे किती

प्रश्न: येवल्यातल्या एका पैठणी विणकर काकांची मुलाखत माझ्या माहितीपटात आहे. ४ मिनिटे १२ सेकंदांवर फ्रेम थांबवून दोघांना दाखवली. एक म्हणतो, डोक्यावर जागा जास्त सुटलीय. दुसरा म्हणतो, चेहरा बरोबर उजव्या तृतीयांशावर आहे, मग चूक काय? डावीकडे माग दिसावा म्हणून मी मुद्दाम तशी फ्रेम लावली होती. शूट १०८०पी मध्ये आहे. मला खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. फ्रेम जोडली आहे. अशी एक फ्रेम तपासायची कशी?

उत्तर:

तुमचे दोन्ही मित्र बरोबर आहेत, आणि तुम्हाला खटकणारी गोष्ट दोघांनीही सांगितलेली नाही. ती नजरेपुढच्या जागेत आहे. पण तिथे जाण्याआधी मोजणी करून घेऊ, कारण अशा बाबतीत डोळा पटकन फसतो. एकदा आकडे समोर आले की वादाला फारशी जागा उरत नाही.

थांबवलेली फ्रेम प्लेअरमध्ये बघून निर्णय घेऊ नका. पॉज केल्यावर बहुतेक प्लेअर खाली बटणांची पट्टी आणतात आणि त्यामागे काळसर छटा टाकतात, त्यामुळे खालचा भाग जड आणि वरचा मोकळा वाटायला लागतो. फ्रेम वेगळी काढून घ्या आणि तिच्यावर तृतीयांशाच्या रेषा आखा. ffmpeg या मोफत प्रोग्रॅमने, टर्मिनलमध्ये एका ओळीत होणारं काम आहे:

```
ffmpeg -ss 00:04:12 -i mulakhat.mp4 -frames:v 1 -vf "drawgrid=w=iw/3:h=ih/3:t=3:c=yellow" frame.png
```

तयार झालेलं चित्र कुठल्याही साध्या इमेज एडिटरमध्ये उघडलं की कर्सर जिथे न्याल तिथला आडवा आणि उभा आकडा खाली दिसतो. १९२० बाय १०८० च्या चित्रात उभ्या रेषा ६४० आणि १२८० वर येतात, आडव्या ३६० आणि ७२० वर. एक सावधगिरी बाळगा. सिनेमासारखं दिसावं म्हणून वरखाली काळ्या पट्ट्या टाकलेल्या असतील, तर रेषा पट्ट्यांच्या आतल्या चित्रावर आखायच्या. २.३९ च्या प्रमाणात १९२० रुंदीला चित्राची उंची जेमतेम ८०३ उरते. वर आणि खाली मिळून २७७ पिक्सेल नुसतं काळं असतं. ते धरून मोजलं तर डोक्यावरची जागा सगळीच्या सगळी चुकते. तुमच्या फ्रेममध्ये पट्ट्या नाहीत, त्यामुळे पूर्ण १०८० धरायचे.

आता तुमची फ्रेम. मी पाचच जागा मोजल्या. काकांच्या गांधी टोपीचा वरचा काठ ३०० वर आहे, डोळे ५०० वर, हनुवटी ६६० वर. आडव्या दिशेने कॅमेऱ्याकडचा डोळा बरोबर १२८० वर, म्हणजे उजव्या रेषेवर. नाकाचं टोक १३६० ला, आणि डोक्याची मागची कड ११३० ला. काका उजवीकडे बघतायत. दोन्ही डोळे दिसतात पण पलीकडचा कान दिसत नाही, म्हणजे चेहरा साधारण पाऊण वळलेला आहे.

आधी हेडरूम. टोपीच्या वर ३०० पिक्सेल मोकळे, म्हणजे उंचीच्या जवळजवळ २८ टक्के. हा मिड क्लोज आहे, छातीच्या जरा खाली कापलेला. त्यात इतकी जागा फार होते. तिच्यामुळे माणूस खाली घसरल्यासारखा, खुर्चीत बुडाल्यासारखा दिसतो. पण किती टक्के चालतात याचं कोष्टक पाठ करू नका, त्यापेक्षा सोपी खूण आहे. डोळे कुठे आहेत ते बघा. तुमचे ५०० वर आहेत आणि फ्रेमचा मध्य ५४० वर. म्हणजे कॅमेरा लावणाऱ्याने चेहरा जवळपास मधोमध धरलाय. हे फार वेळा होतं, कारण फोकसचा चौकोन किंवा मधली फुली चेहऱ्यावर ठेवून माणूस फोकस करतो आणि फ्रेम तशीच राहून जाते. फोकस झाल्यावर कॅमेरा थोडा खाली झुकवायचा राहून गेला, एवढाच दोष.

दुसरी एक शक्यताही आहे, आणि ती तपासल्याशिवाय कॅमेऱ्यावरच्या माणसाला बोल लावू नये. मुलाखत सुरू होते तेव्हा माणूस ताठ बसलेला असतो. दहा मिनिटांनी तो सैलावतो, पाठ टेकवतो, खांदे उतरतात. फ्रेम तीच असते, पण डोकं हळूहळू खाली जातं आणि वरची जागा वाढत राहते. म्हणून त्याच क्लिपची अगदी पहिल्या काही सेकंदांतली फ्रेम वरच्याच पद्धतीने काढा आणि डोळ्यांची उंची ताडून बघा. पहिल्या फ्रेममध्ये डोळे ४०० च्या आसपास असतील, तर सुरुवातीची फ्रेम बरी होती आणि पुढे कुणी सावरली नाही. तिथेही ५०० च असतील, तर फ्रेम मुळातच तशी लावली होती. एडिटच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या बाबतीत दुरुस्ती क्लिपभर हळूहळू बदलत न्यावी लागते, दुसऱ्यात एकदा लावली की काम झालं.

तृतीयांश आणि हेडरूम हे दोन वेगळे नियम म्हणून शिकवले जातात, त्यामुळे विद्यार्थी एक पाळतो आणि दुसरा विसरतो. चेहरा जवळ असलेल्या शॉटमध्ये ते एकमेकांना जोडलेले असतात. माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. डोळे वरच्या रेषेवर, म्हणजे ३६० वर ठेवले, की डोक्यावर किती जागा उरणार ते डोक्याच्या आकारावरून आपोआप ठरतं. तुमच्या फ्रेममध्ये डोकं टोपी सोडून ३२० पिक्सेलचं आहे. डोळे ३६० वर नेले तर डोक्याचा माथा २०० वर आणि टोपी १६० वर येईल. शॉट आणखी जवळ घेऊन डोकं ७२० पिक्सेलचं केलं, तर डोळे ३६० वरच ठेवून हेडरूम शून्य होते. त्याहून जवळ गेलात की कपाळ कापलं जातं, आणि तेही नजरेला चालतं, कारण डोळे जागेवर असतात. हनुवटी कापून कपाळ राखलं तर मात्र चेहरा फ्रेममधून गळून पडतोय असं वाटतं.

याला मर्यादा आहे. कमरेपासूनच्या शॉटमध्ये डोकं २०० पिक्सेलचंच असतं. तिथे डोळे रेषेवर ठेवले तर डोक्यावर २६० पिक्सेल उरतात, आणि ते जास्त होतात. अशा वेळी मी डोळे रेषेच्या वर, २७० ते ३०० मध्ये नेतो. उभा माणूस पायांसकट दाखवायचा असेल तर ही रेषा सरळ सोडून द्यायची, नाहीतर पाय फ्रेमच्या बाहेर जातात. तृतीयांशाची आडवी रेषा डोळ्यांसाठी वापरायची ती मिड क्लोज आणि त्याहून जवळच्या शॉटला. तुमचा शॉट त्यात बसतो.

टोपीबद्दल एक बारीक गोष्ट. हेडरूम टोपीच्या टोकापासून मोजायची, कारण प्रेक्षकाला डोक्याची सीमा तिथे दिसते. पण फ्रेम लावायची डोळ्यांवरून. पगडी, फेटा, डोक्यावरचा पदर या सगळ्यांना हेच लागू आहे. टोपीचं टोक सांभाळायच्या नादात डोळे खाली उतरले तर फ्रेम बिघडते. फेट्याचा तुरा थोडा कापला गेला तर फारसं बिघडत नाही.

आता तृतीयांशाची उभी रेषा. डोळा १२८० वर, अगदी रेषेवर. तुमचा दुसरा मित्र एवढं बघून थांबला. पण उभी रेषा फक्त सांगते की चेहरा एका बाजूला आहे. तो कोणत्या बाजूला असावा हे नजर ठरवते. काका उजवीकडे बघतायत आणि उजवीकडेच बसलेत. नाकापुढे ५६० पिक्सेल आहेत, डोक्यामागे ११३०. म्हणजे मागे पुढच्या दुप्पट जागा. ज्या दिशेने माणूस बोलतोय तिकडे भिंत जवळ आलीय, आणि ज्या दिशेला कुणी बघत नाही तिकडे मोकळं पडलंय. तुम्हाला खटकतंय ते हेच आहे, आणि डोक्यावरची जागा त्याच्या जोडीला आल्याने दुखणं नेमकं सापडत नव्हतं.

पुढे किती जागा हवी, ते चेहरा किती वळलाय त्यावर ठरतं. एकच डोळा दिसत असेल, म्हणजे पूर्ण बाजूचा चेहरा असेल, तर पुढची जागा मागच्या दुपटीच्या आसपास असावी. पाऊण वळलेल्या चेहऱ्याला पुढे मागच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त लागते. नजर लेन्सच्या अगदी शेजारी असेल तर थोडीशी जास्त पुरते. माणूस थेट कॅमेऱ्यात बघत असेल तर पुढे-मागे हा प्रश्नच येत नाही, त्याला मधोमध बसवा. तुमचे काका पाऊण वळलेत, म्हणजे इथे प्रमाण उलटं पडलंय, थोडं कमी-जास्त झालेलं नाही.

तरीही एका फ्रेमवर निकाल द्यायची मला घाई नाही. तुम्ही म्हणता की माग दिसावा म्हणून फ्रेम तशी लावली. काका बोलता बोलता मान वळवून मागाकडे हात करत असतील, ताणा कसा भरतो, धोटा कुठून फिरतो ते दाखवत असतील, तर त्या क्षणी डावीकडची सगळी जागा त्यांच्या नजरेपुढची होते आणि हीच फ्रेम उत्तम ठरते. म्हणून ४:१२ च्या मागेपुढे साधारण दर दहा सेकंदांनी एक अशा सात-आठ फ्रेम काढा. पापण्या मिटलेल्या किंवा मान अर्धवट फिरत असलेल्या फ्रेम सोडून द्या, त्यांच्यावरून काहीच कळत नाही. उरलेल्यांत नजर किती वेळा उजवीकडे आणि किती वेळा डावीकडे आहे ते मोजा. निम्म्याहून जास्त वेळ मागाकडे असेल तर आडव्या दिशेला हात लावू नका. मुलाखत घेणाऱ्याकडेच असेल, आणि बसून दिलेल्या मुलाखतीत बहुधा तसंच असतं, तर पुढचं वाचा.

काही दिग्दर्शक ही उलटी मांडणी मुद्दाम करतात. नजरेपुढची जागा तोडून माणूस कोंडल्यासारखा, एकटा पडल्यासारखा दाखवतात. विणकर काका कर्जाबद्दल किंवा बंद पडलेल्या मागाबद्दल बोलत असतील, आणि माग त्यांच्या पाठीमागे मोकळा पडलेला दिसत असेल, तर याला अर्थ येतो. पण मग ती मांडणी त्याच बोलण्यापुरती असावी. ते आनंदाने नारळी काठाबद्दल सांगत असतानाही फ्रेम तशीच असेल, तर प्रेक्षक ती चूक म्हणूनच वाचेल.

एडिटमध्ये काय करता येतं ते बघू. वरची जागा कमी करायची तर चित्र मोठं करून वर सरकवावं लागतं, नाहीतर खाली काळी पट्टी उघडी पडते. गणित असं आहे. वरून २१० पिक्सेल सोडून खालचे ८७० ठेवले, तर डोळे त्या ८७० च्या बरोबर एक तृतीयांशावर येतात. ते पूर्ण उंचीला ताणायला स्केल १२४ टक्के लागतो. टोपीच्या वर मग साधारण ११० पिक्सेल उरतात, म्हणजे उंचीच्या दहाएक टक्के. मिड क्लोजला हे छान बसतं.

इथे एक खड्डा आहे. एडिटिंग सॉफ्टवेअर चित्र मधोमध धरून मोठं करतं. तुमचा चेहरा उजवीकडे आहे, म्हणून स्केल वाढवला की तो आणखी उजवीकडे सरकतो. स्केल १२४ करून चित्र नुसतं वर सरकवलं तर नाक १४५६ च्या आसपास जातं आणि पुढची ५६० ची जागा ४६४ वर येते. डोक्यावरचं दुखणं बरं झालं आणि नजरेपुढचं वाढलं. म्हणून स्केल १२४ केल्यावर चित्र १२९ पिक्सेल वर आणि २३० पिक्सेल डावीकडे न्या. काळी कड उघडी न पडता इतकंच नेता येतं. मग नाकापुढे साधारण ६९५ पिक्सेल होतात आणि मागे ९४०. डोळा ११२६ च्या जवळ येतो, म्हणजे मध्यापासून थोडा उजवीकडे.

म्हणजे चेहरा आता तृतीयांशाच्या रेषेवर राहिला नाही. तरी फ्रेम पहिल्यापेक्षा बरी आहे, कारण रेषेवर बसण्यापेक्षा नजरेला वाट मिळणं मला महत्त्वाचं वाटतं. पण पूर्ण बरोबर झाली असं मी म्हणणार नाही. मागची जागा अजूनही पुढच्यापेक्षा जास्त आहे, आणि माग १५० ते १००० मध्ये पसरलाय, त्याचा डावा चौथा हिस्सा कापला गेला. जो दाखवण्यासाठी फ्रेम लावली तोच अपुरा झाला. तो वेगळ्या शॉटमध्ये दाखवून भरपाई करता येईल.

दुसरी अडचण तुमच्या १०८०पी ची. १२४ टक्क्यांवर चित्र मऊ पडतं. टोपीची कड, मिशा, रेशमाचे धागे यांत ते आधी दिसतं. खरी परीक्षा म्हणजे मोठा केलेला शॉट मूळ शॉटच्या शेजारी लावून, मोठ्या पडद्यावर, चालू स्थितीत बघणं. थांबवलेल्या फ्रेममध्ये मऊपणा जास्त टोचतो, चालू चित्रात तो बराच विरतो, पण शेजारचा शॉट कडक असेल तर कटवर झटका बसतो. मी १०८०पी मध्ये ११० ते ११५ च्या पुढे सहसा जात नाही. ११२ वर थांबलात, तर वरून ११६ पिक्सेल कापले जातील, डोळे ४३० वर येतील आणि टोपीच्या वर साधारण २०६ उरतील. अर्धी दुरुस्ती, पण चित्र शाबूत. हाच शॉट ४के मध्ये असता आणि टाइमलाइन १०८० ची असती, तर १२४ काय, त्याहून जास्तही सहज चाललं असतं.

चित्र आडवं उलटवून काका डावीकडे नेले तर, असं कुणीतरी सुचवेलच. करू नका. तसं केल्याने पुढेमागेचं प्रमाण बदलतच नाही, कारण नजरही सोबत उलटते. शिवाय सदऱ्याचा खिसा उजवीकडे जातो, भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं उलटी होतात, आणि पुढच्या शॉटमध्ये माग दुसऱ्या बाजूला दिसतो.

पुन्हा येवल्याला जाणं शक्य असेल, तर खुर्ची आणि माग जागचे हलवू नका. मुलाखत घेणाऱ्याला कॅमेऱ्याच्या उजवीकडून उठवून डावीकडे बसवा, लेन्सच्या शक्य तितकं जवळ आणि काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर. काका आहेत तिथेच, उजव्या रेषेवर राहतील, पण नजर डावीकडे जाईल आणि मोकळी जागा तिच्यापुढे येईल. मागही त्याच जागेत बसेल, म्हणजे तुम्हाला हवं होतं ते न कापता मिळेल. मात्र मागाच्या बाजूला उघडी खिडकी आहे का ते बघा. नजरेपुढच्या जागेत लखलखीत काही असलं की प्रेक्षकाचे डोळे चेहरा सोडून तिकडे जातात. खिडकीला पडदा लावा, किंवा कॅमेरा इतका वळवा की ती फ्रेमबाहेर जाईल. उभा खांब टोपीतून उगवलेला दिसत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

दुरुस्त केलेली फ्रेम पक्की करण्याआधी दोन ठिकाणी ताडून पाहा. नावाची पट्टी खाली डावीकडे येणार असेल तर ती कडेपासून पाच टक्के आत, म्हणजे खालून ५४ आणि बाजूने ९६ पिक्सेल सोडून ठेवा. कापाकापीनंतर ती मागाच्या सर्वांत गजबजलेल्या भागावर येते का, आणि अक्षरं वाचता येतात का, हे बघा. मग कटच्या आधीची शेवटची फ्रेम आणि नंतरची पहिली फ्रेम काढून डोळ्यांची उंची मोजा. त्याच काकांच्या पुढच्या मिड क्लोजमध्ये डोळे ५०० वर आणि इथे ३६० वर असतील, तर प्रत्येक कटला प्रेक्षकाची नजर १४० पिक्सेल वरखाली उडी मारेल. तसं असेल तर मुलाखतीचे सगळे तुकडे एकाच उंचीला आणा, मग ती ३६० असो की ११२ च्या स्केलवरची ४३०.